थाळी ९० रुपयांवरून वाढवायची आहे; रोजच्या गिऱ्हाइकांना कसे कळवावे?

प्रश्न: आमचे छोटे जेवणघर आहे. बावीस माणसे बसतात, दिवसाला साधारण ११५ थाळ्या जातात. बहुतेक गिऱ्हाईक रोजचे आहे आणि चाळीसेक जणांकडे महिन्याचे कूपन आहे. दोन वर्षे थाळी ९० रुपयांनाच देतो, आता ११० करायचा विचार आहे. मी अशी सूचना लिहिली आहे: ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने दरवाढ करावी लागत आहे. कृपया सहकार्य करावे.’ एवढे पुरेसे आहे का? कोणी दुखावले जाऊ नये अशी इच्छा आहे.

उत्तर: पुरेसे नाही, कारण जी गोष्ट वाचायला माणूस सूचनेपाशी थांबतो तीच तिच्यात नाही. जुना दर किती होता, नवा किती होणार आणि कोणत्या तारखेपासून, या तीन गोष्टी पहिल्या दोन ओळींत आल्या पाहिजेत. त्या नसल्या की गिऱ्हाइकाला नवा दर कळतो तो हात धुऊन गल्ल्याशी आल्यावर, आणि तोही रांगेतल्या इतरांसमोर. रोजचा माणूस दुखावतो तो प्रामुख्याने तेथे. दहा-वीस रुपयांचे त्याला फारसे वाटत नाही. आपल्याला आधी सांगितले नाही, याचे वाटते. महागाईचा उल्लेखही फारसा कामाचा नाही, कारण ती त्याच्याही घरी आहे आणि त्याचा पगार तुमच्या थाळीबरोबर वाढलेला नाही.

सूचनेच्या शब्दांकडे वळण्यापूर्वी आकड्याविषयी लिहितो, कारण ९० वरून ११० ही वाढ एका सूचनेच्या बळावर पटवून देणे कठीण आहे. दिवसाला ११५ थाळ्या आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर महिन्याच्या सुमारे ३,००० थाळ्या होतात. आता दोन वर्षांत कोणता खर्च किती वाढला ते वहीतून काढून या ३,००० ने भागा. तुमची वही माझ्यासमोर नाही, म्हणून नमुन्यादाखल आकडे धरतो. आचारी, पोळ्या करणाऱ्या मावशी आणि दोन वाढपी यांच्या पगारात मिळून महिन्याला ९,००० रुपयांची वाढ झाली असेल, तर थाळीमागे तीन रुपये झाले. जागेचे भाडे आणि विजेचे बिल मिळून ४,५०० वाढले असतील, तर दीड रुपया. धान्य, डाळ आणि भाजी यांचे ६,००० वाढले असतील, तर दोन रुपये. तेलाचे महिन्याला पाच डबे लागतात आणि डब्यामागे ४५० रुपये वाढले असे धरले, तर पाऊण रुपया. १९ किलोची चौदा सिलिंडरे लागतात आणि प्रत्येकामागे १५० रुपये वाढले असे धरले, तर सत्तर पैसे. बेरीज आठ रुपयांच्या आत राहते. छोट्या व्यावसायिकांनी एकूण विक्रीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत तुम्ही असाल, तर वाढलेल्या रकमेवरही पाच टक्के भरावे लागतात. ते धरून साडेआठ म्हणू.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की १०० रुपये हा दर तुम्ही कोणालाही डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकता, आणि वर पुढच्या काही महिन्यांसाठी दीड रुपया हाताशी राहतो. ११० करायचे तर साडेअकरा रुपयांना कारण उरत नाही आणि ते नेमके तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या लक्षात येईल. जुना ९० चा दरच तोट्याचा होता असे वही सांगत असेल, तर वाढ दोन टप्प्यांत करा: आता १०० आणि आठ-दहा महिन्यांनी पुढचा विचार. दुसऱ्या टप्प्याची घोषणा आज करू नका, पण ‘आता वर्षभर दर वाढणार नाही’ असे वचनही देऊ नका.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. गॅस आणि तेल ही दोन कारणे प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर असतात, पण वरच्या हिशेबात दोन्ही मिळून दीड रुपयाही होत नाहीत. शिवाय हे भाव दोन्ही दिशांनी हलतात. व्यावसायिक सिलिंडरचा दर साधारणपणे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो आणि कित्येकदा खालीही येतो. खाद्यतेलाचेही तसेच आहे: सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रात आल्या. तुम्ही फक्त तेलाचे नाव घेऊन दर वाढवलेत, तर तेल उतरल्यावर ‘आता थाळी कधी उतरवता?’ असे विचारण्याचा हक्क तुम्हीच गिऱ्हाइकाला लिहून दिलेला असतो. जे कारण गेल्यावर तुम्ही दर कमी करणार नाही, ते सूचनेत मुख्य कारण म्हणून लिहू नका. पगार आणि भाडे एकदा वाढले की खाली येत नाहीत. मावशी तर गिऱ्हाइकाला रोज समोर पोळ्या लाटताना दिसतात. त्यांचा पगार वाढला हे कारण ऐकून कोणी कुरकुर करत नाही.

कराचे नाव सूचनेत मुळीच आणू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे बरेच दर उतरले. तूप आणि लोणी यांच्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यामुळे कराचा शब्द काढला की ‘कर तर कमी झाले, मग तुमचे दर वर कसे?’ हा प्रश्न ठरलेला आहे. त्याचे उत्तर आहे: व्यावसायिक गॅसवरचा १८ टक्के कर तसाच राहिला, तेलावरचा ५ टक्केही तसाच राहिला आणि आपल्यासारख्या जेवणघरांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. पण हे उत्तर गर्दीच्या वेळी गल्ल्यावर उभ्याने देण्यासारखे नाही. कंपोझिशन योजनेतल्या व्यावसायिकाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, म्हणून नव्या दरपत्रकावर ‘अधिक जीएसटी’ असे छापून घेण्याची चूकही टाळा. दर तसाच ठेवून बिलात सेवा शुल्क लावण्याचा सल्ला कोणी देईल. तोही नको. ते आपोआप बिलात जोडू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली.

दर न वाढवता ताट हलके करण्याचा मार्ग पुष्कळ जण धरतात. पोळीचा उंडा थोडा लहान होतो, उसळीच्या वाटीत रस्सा वाढून मटकी तळाशी जाते, कोशिंबिरीच्या जागी कांद्याच्या दोन चकत्या येतात. जो माणूस वर्षभर त्याच टेबलाशी बसून चार पोळ्यांत पोट भरत आला आहे, त्याला पाचवी मागावी लागली की तो काय ते समजतो. तो बोलत नाही, पण ज्याने चोरून हात आखडता घेतला त्याच्या उघड दरवाढीवर तो पुढे विश्वासही ठेवत नाही. प्रमाण कमी करायचेच असेल, तर ते वेगळ्या नावाने आणि उघडपणे करा: दोन पोळ्या, एक भाजी आणि वरण-भात अशी छोटी थाळी ७५ रुपयांना ठेवता येईल. ज्याला १०० जड जातात त्याला तुमच्याच दारात जागा राहते आणि मोठ्या थाळीला हात लावावा लागत नाही.

आता कूपनवाल्यांविषयी, कारण खरा नाजूक भाग तोच आहे. त्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत, म्हणून त्यांना पाटीवरून कळता कामा नये. पाटी लागण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत त्या चाळीस जणांना तुम्ही स्वतः, एकेकाला, जेवण झाल्यावर सांगा. वाक्य एवढेच असू द्या: ‘एक तारखेपासून थाळी शंभर होते आहे, तुमच्याकडची कूपने मात्र आहेत तशीच चालतील.’ विकलेले कूपन म्हणजे एक जेवण, त्यावर पूर्वी किती रुपये घेतले होते याचा नंतर संबंध नाही. उरलेल्या कुपनांवर फरकाचे दहा रुपये मागणारी जेवणघरे मी पाहिली आहेत. पन्नास-शंभर रुपयांसाठी त्यांनी वर्षाचा माणूस घालवला.

कुपनांबाबत दोन गोष्टी आधी ठरवून सूचनेत लिहाव्या लागतील. जुन्या दराने कूपनपुस्तिका एका व्यक्तीला एकच मिळेल, असे स्पष्ट लिहिले नाही, तर काही चतुर मंडळी चार-चार पुस्तिका घेऊन ठेवतील आणि तुमची वाढ तीन महिने कागदावरच राहील. दुसरी गोष्ट खाड्यांची. गावी गेलेल्या माणसाचे खाडे तुम्ही पुढच्या महिन्यात धरत असाल, तर मागच्या महिन्याचे खाडे जुन्या दराने धरायचे की नव्या, हा वाद नक्की होतो. खाडेही जेवणातच मोजा, रुपयांत मोजू नका. सहा खाडे म्हणजे सहा जेवणे, मग दर काहीही असो. जुनी कूपने कधीपर्यंत चालतील ती तारीखही द्या. दोन महिन्यांची मुदत कोणाला आखूड वाटणार नाही.

दिवसांचे म्हणाल, तर पाटी दहा-बारा दिवस आधी लागावी आणि नवा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू व्हावा. नोकरदाराचा आणि विद्यार्थ्याचा महिन्याचा हिशेब त्याच सुमारास मांडला जातो, म्हणून महिन्याच्या मध्यावर वाढवलेला दर त्यांना अधिक बोचतो. महिनाभर आधी पाटी लावण्यातही अर्थ नाही. तितके दिवस रोज तीच चर्चा ऐकावी लागते.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी सूचनेचा मसुदा असा करीन:

> आमच्या ग्राहकांस सूचना
>
> सोमवार, दि. १ डिसेंबरपासून थाळीचा दर ९० रुपयांऐवजी १०० रुपये राहील. महिन्याची २६ जेवणांची कूपनपुस्तिका २,२०० रुपयांऐवजी २,४५० रुपयांना मिळेल.
>
> गेली दोन वर्षे आम्ही दर वाढवला नव्हता. या काळात स्वयंपाकघरातील आणि वाढणाऱ्या मंडळींचे पगार वाढवले, जागेचे भाडे वाढले आणि किराणा मालाचा खर्चही वाढला. त्यामुळे हा बदल करीत आहोत.
>
> थाळीतील पदार्थ आणि त्यांचे प्रमाण पूर्वीप्रमाणेच राहील. चहा, ताक आणि जादा पोळी यांचे दर बदललेले नाहीत. कमी जेवणाऱ्यांसाठी ७५ रुपयांत छोटी थाळी त्याच दिवसापासून मिळेल.
>
> ज्यांच्याकडे कूपने किंवा खाडे शिल्लक आहेत, त्यांना ३१ जानेवारीपर्यंत कोणतीही जादा रक्कम न देता जेवता येईल. ३० नोव्हेंबरपर्यंत जुन्या दराने एका व्यक्तीस एक पुस्तिका घेता येईल.
>
> काही शंका असल्यास गल्ल्यावर अवश्य विचारावे. आपण रोज येथे जेवता, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

यात ‘नाइलाजाने’ नाही आणि ‘सहकार्य करावे’ही नाही. सहकार्याची विनंती सरकारी कचेरीच्या पाटीवर शोभते. पैसे देऊन जेवणाऱ्याकडून ते मागण्याचे कारण नाही. ‘दिलगीर आहोत’ हेही मी मुद्दाम घातलेले नाही. मालक दिलगीर असेल, तर त्याने दर वाढवला नसता, असे वाचणाऱ्याला वाटते. चहा आणि जादा पोळीचे दर तसेच ठेवण्यामागे हिशेब आहे: रोजच्या माणसाचा हात ज्या छोट्या गोष्टींकडे दिवसातून दोनदा जातो, त्या हलल्या नाहीत तर एकंदर वाढ त्याला मोठी भासत नाही, आणि तुमचे त्यात फारसे जात नाही. ‘प्रमाण पूर्वीप्रमाणेच राहील’ हे वाक्य मात्र खरोखर पाळणार असाल तरच ठेवा.

पाटी दारातून आत येताना डाव्या-उजव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर आणि टेबलावरून वाचता येईल अशा अक्षरांत लावा. गल्ल्यामागे लावलेली पाटी जेवण झाल्यावर दिसते, म्हणजे उशिरा. १ तारखेला फळ्यावरचा आकडा पुसून नव्याने लिहा. जुन्या ९० वर कागदाची चिठ्ठी चिकटवली, तर आठवड्यात तिचा कोपरा सुटतो आणि खालचा आकडा डोकावू लागतो; तो वाचून एखादा तरी नव्वदच ठेवून जाईल. डबा पोहोचवण्याच्या यादीत, पार्सलच्या छापील दरपत्रकात, मोबाइलवर मागणी घेत असाल तर तेथेही नवा दर त्याच सकाळी चढला पाहिजे.

वाढप्यांनाही आधीच बसवून सांगा. गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्यांनाच विचारते आणि ‘मालकांना विचारा’ हे उत्तर आले की काहीतरी लपवले जात आहे असा समज होतो. ‘हो, एक तारखेपासून शंभर झाली. ताट तेच आहे’ एवढे त्यांना सांगता आले पाहिजे. समोरचा अजून ८५ ला देतो, असे कोणी म्हणाले तर समोरच्याच्या जेवणावर बोलू नका. ‘तुम्हाला दोन्हीकडचे माहीत आहे, तुम्ही ठरवा’ म्हणून विषय सोडा. एखादे निवृत्त आजोबा वर्षानुवर्षे येतात आणि त्यांना दहा रुपये जड आहेत हे तुम्हाला ठाऊक असते. त्यांच्याकडून जुनाच दर घ्यावा असे वाटले, तर खुशाल घ्या, पण तो विषय सूचनेत आणि चारचौघांत आणू नका. नाहीतर सवलत हा घासाघिशीचा विषय होतो.

आता वाढीनंतर काय पाहायचे. पहिल्या आठवड्यात थाळ्यांची संख्या थोडी उतरली म्हणून घाबरून दर मागे घेऊ नका. धान्य, भाजी, तेल आणि गॅस मिळून थाळीला ५२ रुपये लागतात असे धरले, तर आजच्या महागलेल्या मालात ९० च्या थाळीमागे कर वजा जाता साडेतेहतीस रुपये पगार-भाड्यासाठी उरतात आणि १०० च्या थाळीमागे त्रेचाळीस. म्हणजे ११५ च्या जागी ९० थाळ्या गेल्या, तरी महिनाअखेरीस हातात तेवढेच पैसे पडतात. पाचातला एक माणूस गेला तरी चालेल असा याचा अर्थ मी काढत नाही. घाई करण्याचे कारण नाही, एवढाच काढतो.

संख्येपेक्षा मी दुसऱ्याच खुणा पाहतो. कूपन संपल्यावर किती जणांनी नवी पुस्तिका घेतली, ही सर्वांत खरी खूण आहे, कारण तेथे माणूस विचार करून पैसे काढतो. चाळीसपैकी तीस-पस्तीस जणांनी घेतली, तर दर बसला. काही जण रोजच्याऐवजी एक दिवसाआड येऊ लागले किंवा दोघांत एक पार्सल नेऊ लागले, तर वाढ त्यांच्या खिशाला झेपलेली नाही आणि छोटी थाळी त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचलेली नाही. वाढप्याला ती तोंडी सुचवायला सांगा. याउलट, संख्या तशीच आहे पण ताटात भात-भाजी उरू लागली आहे किंवा ‘हल्ली चव बदलली’ असे दोन-तीन जुनी माणसे म्हणू लागली आहेत, तर ती दराची तक्रार समजू नका. दर वाढल्यावर जीभही जरा चिकित्सक होते, हे खरे; पण आधी आचाऱ्याने तेल किंवा मसाला बदलला आहे का, ते स्वयंपाकघरात जाऊन पाहा.

पाटी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काढून घ्या. तोपर्यंत ज्याला वाचायची त्याने वाचलेली असते आणि नवा माणूस शंभर हाच दर समजून येतो. कुपनांच्या मुदतीची ओळ तेवढी वेगळ्या छोट्या कागदावर लिहून ३१ जानेवारीपर्यंत गल्ल्याशी ठेवा.